स्टोअर सहायकाचे पदवर्णन: निरीक्षण, मुलाखत आणि प्रश्नावली वापरून कार्यविश्लेषण कसे करावे

आमच्या कारखान्यात स्टोअर सहायकाची जागा रिकामी झाली, तेव्हा मी फाइलमधले जुने पदवर्णन काढून त्यावरून जाहिरात दिली. पदवर्णनात पाच ओळी होत्या: माल स्वीकारणे, मोजणे, रचून ठेवणे, मागणीप्रमाणे देणे आणि वरिष्ठांनी सांगितलेली इतर कामे. त्याच्या जोरावर आयटीआय झालेला, अंगाने दणकट आणि कष्टाला तयार असलेला एक तरुण आम्ही निवडला. चौथ्या महिन्यात तो राजीनामा देऊन गेला. जाताना तो म्हणाला, "मॅडम, मला माल हलवायचं काम सांगितलं होतं. इथं अर्धा दिवस कॉम्प्युटर आणि उरलेला वेळ फोन." चूक त्याची नव्हती. त्या पदावरचा माणूस दिवसभर नेमके काय करतो, हे मी पाहिलेच नव्हते.

त्यानंतर मी त्या पदाचे कार्यविश्लेषण पहिल्यापासून केले. मनुष्यबळ विभागात नव्याने आलेल्यांना पदवर्णन, म्हणजे आपल्या बोलण्यातली जेडी, लिहायला सांगितले जाते, पण त्यासाठी माहिती कशी गोळा करायची हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून तो सगळा क्रम इथे मांडते. उदाहरण स्टोअरचे असले तरी लक्ष मुख्यतः तीन पद्धतींकडे द्या. प्रत्येक पद्धत त्याच पदाचे वेगळे चित्र दाखवते, आणि पदवर्णन लिहिण्याचे खरे काम त्या चित्रांमध्ये जिथे फरक पडतो तिथे सुरू होते.

सुरुवातीला हाताशी काय हवे

- त्या पदाचे जुने पदवर्णन आणि विभागाचा संघटन तक्ता
- पदावर तयार होणारे कागद: आवक नोंदवही, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, मागणी स्लिप, प्रत्येक मालाची शिल्लक दाखवणारे बिन कार्ड, गेट पास यांच्या गेल्या 3 महिन्यांतील काही प्रती
- राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण 2015 मधील संबंधित नोंद
- घड्याळ, क्लिपबोर्ड, छापील निरीक्षण तक्ता आणि वजनकाटा
- विभागप्रमुखाची लेखी परवानगी. संघटना असेल तर तिच्या प्रतिनिधींशी झालेली चर्चा

1. हेतू आधी सांगा

हातात तक्ता घेऊन कोणी स्टोअरमध्ये उभे राहिले, की लोकांच्या मनात पहिली शंका येते ती माणसे कमी करण्याची आणि दुसरी पगाराची. ही शंका मनात असेल तर निरीक्षणात काम मुद्दाम हळू किंवा मुद्दाम जोरात होते, आणि मुलाखतीत प्रत्येक काम फुगवून सांगितले जाते. म्हणून पहिल्याच दिवशी सर्वांना एकत्र बसवून तीन गोष्टी सांगा: हा अभ्यास कशासाठी आहे, कागद कोण वाचणार आहे, आणि आपण पदाचा अभ्यास करतो आहोत, त्या पदावरच्या माणसाचे मूल्यमापन करत नाही. अभ्यासाचा वेतनश्रेणीवर परिणाम होण्याची शक्यता असेल, तर "पगाराशी याचा काही संबंध नाही" असे आश्वासन देऊ नका. ते पुढे खोटे ठरले, तर त्या विभागात कोणी पुन्हा खरे सांगणार नाही.

2. कागद वाचा, पण त्यांच्यावर थांबू नका

राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण 2015 मध्ये प्रत्येक व्यवसायाला 8 अंकी संकेतांक आहे. त्याची रचना आंतरराष्ट्रीय प्रमाणित वर्गीकरणाला धरून केलेली आहे, आणि तिथे साठा लिपिकांचा गट 4321 आहे. या गटातले वर्णन वाचले की कामांची एक ढोबळ यादी मिळते आणि मुलाखतीत काय विचारायचे हे सुचते. मात्र तीच यादी उचलून पदवर्णन करू नका. देशभरातल्या असंख्य स्टोअरमध्ये जे समान आहे तेवढेच तिथे असते. तुमच्या स्टोअरचे वेगळेपण तुमच्याच कागदांत सापडते. आमच्या मागणी स्लिपांच्या गठ्ठ्यात मला एक विचित्र गोष्ट दिसली. दुसऱ्या पाळीतल्या कित्येक स्लिपांवर माल दिल्याची वेळ रात्री 9 ची, तर सही दुसऱ्या दिवशी सकाळची होती. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. मी वहीत फक्त प्रश्न लिहून ठेवला, आणि पुढे मुलाखतीत तोच सर्वांत उपयोगी ठरला.

3. निरीक्षण: सलग न पाहता अवचित वेळी पाहा

नवखे लोक एक पूर्ण दिवस त्या माणसाच्या मागे फिरतात आणि आठ पाने भरून आणतात. त्यातून कामांची नावे मिळतात, पण कशाला किती वेळ जातो हे कळत नाही, कारण एक दिवस दुसऱ्या दिवसासारखा नसतो. शिवाय सतत कोणी पाहत असले की माणूस नियमाप्रमाणे वागू लागतो. म्हणून पहिला अर्धा दिवस मी फक्त उभी राहिले, लोकांना माझी सवय होऊ दिली आणि त्या वेळच्या नोंदी हिशेबात धरल्या नाहीत.

त्यानंतर मी नमुना निरीक्षणाची पद्धत वापरली. पाळी 8 तासांची, म्हणजे 480 मिनिटांची. आदल्या रात्री चिठ्ठ्या टाकून त्यांतली 40 मिनिटे निवडायची, दुसऱ्या दिवशी बरोबर त्या मिनिटाला पाहायचे आणि त्या क्षणी सहायक काय करतो आहे याची तक्त्यात एक खूण करायची. असे 5 दिवस केले की 200 नोंदी होतात. दिवस सलग घेऊ नका. मी 2 दिवस महिन्याच्या मध्यावरचे, 2 महिनाअखेरचे आणि 1 दिवस दुसऱ्या पाळीचा घेतला, कारण महिनाअखेरीस पाठवणीची घाई असते आणि दुसऱ्या पाळीत स्टोअरचा प्रमुख हजर नसतो.

आमच्या 200 नोंदी अशा पडल्या: माल शोधून देणे 54, संगणकावर नोंदी 46, आलेला माल मोजणे व तपासणे 38, पुरवठादारांशी फोन 32 आणि बाकी सगळे मिळून 30. म्हणजे जुन्या पदवर्णनात ज्यांचा उल्लेखही नव्हता त्या संगणक आणि फोनमध्ये मिळून 39 टक्के वेळ जात होता. गेलेला तरुण हेच सांगत होता.

या आकड्यांवर किती विसंबायचे, याचा हिशेब सोपा आहे. फोनच्या टक्केवारीचा अपूर्णांक प म्हणजे 0.16 आणि नोंदी न म्हणजे 200 धरल्या, तर चूक साधारण अशी येते:

```
चूक = 2 × √( प × (1 − प) ÷ न )
    = 2 × √( 0.16 × 0.84 ÷ 200 )
    = 0.052
```

म्हणजे फोनवरचा खरा वेळ 11 ते 21 टक्क्यांच्या दरम्यान असावा. 50 च नोंदी घेतल्या असत्या, तर हीच मर्यादा 6 ते 26 टक्के इतकी सैल झाली असती, आणि तेवढ्यावरून काही ठरवणे धाडसाचे ठरले असते. त्यामुळे पदवर्णनात "16 टक्के" असा नेमका आकडा न लिहिता "सुमारे सहावा हिस्सा" असे लिहावे.

निरीक्षणाची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. डोळ्यांना हात दिसतात, विचार दिसत नाही. माझ्या तक्त्यात एका नोंदीपुढे "पेटी उघडून नुसता उभा" असे लिहिले होते. मी ती खूण "बाकी" या रकान्यात टाकली होती. ती चूक होती, आणि ती मुलाखतीत उघड झाली.

4. मुलाखत: कालच्या दिवसापासून सुरुवात करा

"तुमच्या जबाबदाऱ्या काय आहेत?" हा प्रश्न विचारू नका. त्याचे उत्तर पदवर्णनाच्या भाषेतच येते आणि आपण होतो तिथेच राहतो. त्याऐवजी विचारा, "काल सकाळी गेटमधून आत आल्यापासून काय काय केलंत, ते क्रमाने सांगा." माणूस आठवून सांगू लागला की मध्ये कमी बोला. प्रत्येक कामाला चार उपप्रश्न पुरेसे असतात: हे करायला कोण सांगतं, कशावरून कळतं की झालं, काय वापरता आणि चुकलं तर काय होतं.

मुलाखत स्टोअरजवळच्या शांत जागी घ्या, साहेबांच्या केबिनमध्ये घेऊ नका, आणि पाऊण तासाच्या पुढे लांबवू नका. एकाच पदावरच्या किमान दोघांशी स्वतंत्रपणे बोला: एक जुना आणि एक वर्षभरातच आलेला. जुन्या माणसाला जे अंगवळणी पडलेले असते ते सांगावेसे वाटत नाही. नव्याला ते अजून अवघड जात असते, म्हणून तो ते सांगतो.

पेटीचे कोडे असेच सुटले. बारा वर्षे काम केलेल्या सहायकाला मी ती नोंद दाखवली आणि विचारले, "तेव्हा तुम्ही काय पाहत होता?" त्यांनी रॅकवरून दोन बेअरिंग आणून माझ्यासमोर ठेवली. दोन्ही 6205 क्रमांकाची: आतला व्यास 25 मिलिमीटर, बाहेरचा 52, जाडी 15. मापात तिळाचाही फरक नाही. एकाच्या बाजूला काळे रबर होते, दुसऱ्याच्या बाजूला पत्र्याची चकचकीत चकती.

"मालासोबतच्या चलनावर रबरवालं लिहिलेलं असतं आणि पेटीत कधी कधी पत्र्याचं येतं," ते म्हणाले. "मोजलं तर नग बरोबर भरतात. मशीनवर बसतंही. पण जिथं कूलंट उडतं तिथं पत्र्याच्या कडेनं पाणी आत जातं आणि बेअरिंग लवकर खराब होतं. म्हणून मी पेटीतलं प्रत्येक पुडकं फोडून बघतो."

हे काम कोणत्याही कागदावर नव्हते. जीआरएनवर फक्त नगांचा रकाना होता. नव्या सहायकाला विचारले, तेव्हा तो म्हणाला की दोन प्रकार असतात हे त्याला तीन महिन्यांनी, उत्पादनाच्या लाईनवरून ओरडा बसल्यावर कळले. "प्राप्त मालाचा प्रकार चलन व खरेदी आदेशाशी पडताळणे" हे वाक्य पदवर्णनात आले ते या दोन उत्तरांमुळे.

मुलाखतीचा दुसरा भाग घटनांचा ठेवा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही सर्वांत कामाची आहे. त्यात मत विचारायचे नसते, घटना विचारायची असते: "गेल्या सहा महिन्यांत स्टोअरमुळे लाईन थांबली, किंवा थांबता थांबता वाचली, असा एक प्रसंग सांगा. आधी काय झालं, तुम्ही काय केलंत, पुढं काय झालं?" याच प्रश्नावर रात्रीच्या स्लिपांचा उलगडा झाला. दुसऱ्या पाळीत उत्पादनाचा सुपरवायझर तातडीने माल मागतो, सहीचा अधिकार असलेला कोणी हजर नसतो, आणि सहायक स्वतःच्या जबाबदारीवर माल देतो. स्लिपवर सही सकाळी होते. सहायक मला म्हणाले, "मॅडम, हे लिहू नका, मी अडचणीत येईन."

असा क्षण तुमच्याही वाट्याला येईल. मी त्यांचे नाव किंवा तो प्रसंग अभ्यासाच्या कागदांत कुठेही लिहिला नाही. "दुसऱ्या पाळीत तातडीच्या मागणीवर निर्णय कोणी घ्यायचा, हे ठरलेले नाही" एवढेच पदाच्या नावाने नोंदवले. पदावर अधिकाराची पोकळी आहे ही माहिती पदवर्णनासाठी आवश्यक होती. ती कोणी भरून काढली हे सांगायची गरज नव्हती.

पर्यवेक्षकाची मुलाखत नेहमी सहायकांच्या नंतर घ्या. आधी घेतली, तर त्यांची यादी तुमच्या डोक्यात बसते आणि पुढे तुम्ही तीच तपासत राहता.

5. प्रश्नावली: लोक पुरेसे असतील तरच

पदावर तीन-चारच माणसे असतील, तर प्रश्नावलीच्या फंदात पडू नका. तेवढ्यांशी बोलून अधिक कळते. आमच्या तीन प्लांटमध्ये मिळून 11 सहायक आणि 3 पर्यवेक्षक होते, आणि मी पाहिला होता तो एकच प्लांट. तिथे जे दिसले ते पदाचे आहे की त्या जागेचे, हे ठरवायला प्रश्नावली हवी होती.

निरीक्षण आणि मुलाखतींतून मी 34 कार्यविधाने तयार केली. प्रत्येक विधानात एक क्रिया, एक वस्तू आणि गरज असेल तिथे साधन असावे. "माल मोजणे आणि संगणकावर नोंदवणे" हे विधान चुकीचे आहे, कारण एकच काम करणारा माणूस काय उत्तर देणार? "आणि" दिसला की विधान तोडायचे. "योग्य समन्वय साधणे" यासारखी विधाने काढून टाका, कारण त्यांना सगळेच होकार देतात.

प्रत्येक विधानापुढे दोनच मोजपट्ट्या ठेवा. पहिली किती वेळा करता याची: 0 म्हणजे करत नाही, 5 म्हणजे दिवसातून अनेकदा. दुसरी चुकल्यास परिणाम किती याची: 1 म्हणजे लगेच दुरुस्त होते, 5 म्हणजे उत्पादन थांबते किंवा कोणाला इजा होऊ शकते. प्रश्नावली मराठीत आणि हिंदीत द्या, आधी दोघांकडून भरून घेऊन अडखळणारे शब्द बदला, आणि सहायक व पर्यवेक्षक यांना ती वेगवेगळी भरायला लावा.

मी यादीत एक विधान मुद्दाम खोटे टाकले होते: आयात मालाची सीमाशुल्क कागदपत्रे तयार करणे. हे काम स्टोअरमध्ये होतच नाही. तरीही दोघांनी त्यापुढे 3 लिहिले. अशा वेळी लगेच त्या प्रश्नावल्या बाद करू नका, जाऊन विचारा. एकाने सगळीकडे सरळ रांगेत 3 च लिहिले होते. त्याची प्रश्नावली मी त्याच्याशेजारी बसून पुन्हा भरून घेतली. दुसरा मात्र त्या कागदांच्या झेरॉक्स काढून फाइलला लावत असे आणि त्याने तेच काम समजून उत्तर दिले होते. माझे विधान पुरेसे स्पष्ट नव्हते.

उत्तरांची सरासरी न काढता मधले मूल्य पाहा, आणि त्याहून अधिक लक्ष फरकांकडे द्या. आम्हाला दोन मोठे फरक मिळाले. पुरवठादारांना फोन करण्याचे काम आमच्या प्लांटच्या 5 सहायकांनी 4 किंवा 5 वर ठेवले, तर उरलेल्या दोन प्लांटच्या 6 जणांनी 0 किंवा 1 वर. मालाचा प्रकार पडताळण्याच्या कामाला सर्व सहायकांनी परिणामाच्या पट्टीवर 4 किंवा 5 दिले, पण पर्यवेक्षकांचे मधले मूल्य 2 होते.

6. फरक घेऊन एकत्र बसा

या बैठकीला दोन सहायक, स्टोअरचे प्रमुख, खरेदी विभागातले कोणीतरी आणि निर्णयाचा अधिकार असलेली व्यक्ती असावी. पूर्ण यादी वाचू नका; जिथे तीन पद्धती जुळत नाहीत तेवढेच मुद्दे समोर ठेवा. आमचे तीन होते.

फोनचे कारण बैठकीत दहा मिनिटांत कळले. आमच्या प्लांटच्या खरेदी सहायकाची जागा दीड वर्ष रिकामी होती आणि ते काम हळूहळू स्टोअरकडे सरकले होते. मी फक्त निरीक्षणावर थांबले असते, तर दुसऱ्या पदाचे काम कायमचे या पदाच्या माथी मारले असते. खरेदी विभागाने जागा भरेपर्यंत ते "तात्पुरते, सहा महिन्यांसाठी" असे स्वतंत्र पत्रात लिहायचे आणि पदवर्णनात घ्यायचे नाही, असे ठरले. पडताळणीबाबत सहायकांनी तीच दोन बेअरिंग टेबलावर ठेवल्यावर पर्यवेक्षकांनी आपला आकडा स्वतःहून बदलला. रात्रीच्या मागणीचा अधिकार दुसऱ्या पाळीच्या उत्पादन सुपरवायझरला ठरावीक मर्यादेपर्यंत लेखी दिला गेला. कोणते काम कोणाचे असावे हा निर्णय विश्लेषण करणाऱ्याने स्वतः घेऊ नये. त्याने फरक पुराव्यासह मांडावा.

7. आता लिहा

प्रत्येक वाक्यामागे किमान दोन पद्धतींचा आधार आहे ना, हे तक्त्यात तपासा. जुन्या धाटणीचे मोघम वाक्य आणि नवे वाक्य शेजारी ठेवले की फरक कळतो.

- जुने: माल स्वीकारणे. नवे: आलेल्या मालाचे नग आणि प्रकार चलन व खरेदी आदेशाशी पडताळणे, तफावत असल्यास माल वेगळा ठेवून त्याच दिवशी स्टोअर प्रमुखांना कळवणे.
- जुने: नोंदी ठेवणे. नवे: आवक व जावक त्याच पाळीत ईआरपीमध्ये नोंदवणे आणि बिन कार्डाशी जुळवणे (पाळीचा सुमारे पाव वेळ).
- जुने: जड वजन उचलण्याची क्षमता. नवे: 20 किलोपर्यंतची पेटी कमरेच्या उंचीपर्यंत उचलणे; त्याहून जड माल ट्रॉली किंवा फोर्कलिफ्टने हलवला जातो.

तिसरे वाक्य लिहिण्यापूर्वी मी हाताने उचलल्या जाणाऱ्या सर्व पेट्या काट्यावर ठेवल्या होत्या. "जड" हा शब्द वाचून अनेक लायक स्त्रिया अर्जच करत नाहीत, हे मला मागच्या भरतीच्या अर्जांवरून दिसले होते.

शैक्षणिक अटीलाही हाच नियम लावा. "पदवीधर" लिहिण्याआधी कोणत्या कामाला पदवी लागते ते दाखवता आले पाहिजे. आमच्या यादीत तसे एकही काम नव्हते. बारावी, मराठी व इंग्रजी वाचता येणे आणि संगणकावर नोंदी करण्याचा सराव एवढेच लागत होते. पदनामाबद्दलही सावध राहा. "स्टोअर एक्झिक्युटिव्ह" असे भारदस्त नाव दिल्याने पद पर्यवेक्षकीय होत नाही. एखादी व्यक्ती कामगार या व्याख्येत येते का, हे ठरवताना आपली न्यायालये पदनामापेक्षा प्रत्यक्ष कामाचे प्रमुख स्वरूप पाहत आली आहेत, आणि तेव्हा तुमचे पदवर्णन पुरावा म्हणून समोर येऊ शकते. "इतर कामे" हे कलम ठेवायचे असेल, तर "या पदाच्या स्वरूपाशी सुसंगत" अशी मर्यादा त्याला घाला.

8. पदावरच्या माणसाकडून वाचून घ्या

मसुदा सहायकांच्या हाती द्या आणि एकच प्रश्न विचारा: "उद्या नवा माणूस आला आणि त्याने फक्त एवढंच केलं, तर कोणतं काम राहून जाईल?" आमच्या जुन्या सहायकांनी मसुदा शांतपणे दोनदा वाचला आणि समासात पेन्सिलीने लिहिले, "पावसाळ्यात खालच्या रॅकवरचा माल वर घेणे." मी निरीक्षण डिसेंबरमध्ये केले होते. वर्षातून एकदाच येणारी कामे, म्हणजे मार्चअखेरची साठा मोजणी किंवा पावसाळ्यापूर्वीची तयारी, पाच दिवसांच्या कोणत्याही निरीक्षणात सापडत नाहीत. ती विचारूनच मिळवावी लागतात. ते वाक्य मी जसेच्या तसे घेतले.

शेवटी पदवर्णनावर तारीख, आवृत्ती क्रमांक आणि अभ्यास कोणत्या महिन्यांत झाला ते लिहा. नवी संगणक प्रणाली आली, पाळ्या बदलल्या किंवा शेजारच्या विभागातली जागा सहा महिन्यांहून अधिक काळ रिकामी राहिली, तर किमान मुलाखतींचा टप्पा पुन्हा करा. आमच्याकडे खरेदी सहायकाची जागा भरल्यावर मी एक दिवस पुन्हा 40 चिठ्ठ्या टाकून स्टोअरमध्ये उभी राहिले. एका दिवसाच्या नोंदींवरून टक्केवारी काढता येत नाही, पण त्या दिवशी फोनच्या रकान्यात 2 खुणा पडल्या, आणि त्या दोन्ही वेळा फोन लाईनवरून आला होता.